कोपर कोणी कोणाचं धरायचं?

आपल्या सिनेमात अंध पात्र रस्ता ओलांडतं तेव्हा बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. कोणीतरी भला माणूस धावत येतो, त्याचा दंड पकडतो आणि त्याला पुढे ढकलत पलीकडे नेतो. पांढरी काठी वापरणाऱ्या माणसाला हे दाखवा, तो लगेच सांगेल की हे उलटं आहे. मदत घेणारा स्वतः सोबत्याचं कोपर, किंवा कोपराच्या थोडं वर, धरतो आणि अर्धं पाऊल मागे राहून चालतो. सोबती वळला, थांबला, पायरी चढला की ते त्याच्या हाताला आधीच कळतं. कोणी कोणाला धरलंय एवढाच फरक, पण त्यामुळे दृश्यातला वाहून नेला जाणारा माणूस स्वतः चालणारा माणूस होतो.

असे तपशील लेखकाला घरात बसून सुचत नाहीत, ते विचारावे लागतात. कसे, याचं उत्तम उदाहरण म्हणजे डग रोलंड या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘फीलिंग थ्रू’ हा सुमारे अठरा मिनिटांचा लघुपट. न्यूयॉर्कमध्ये एका रात्री रोलंडला रस्त्यावर एक बधिरांध माणूस भेटला. त्याच्या हातात मदत मागणारी पाटी होती. काय बोलावं ते रोलंडला सुचेना, म्हणून त्याने बोटाने त्याच्या तळहातावर एकेक अक्षर काढायला सुरुवात केली आणि संवाद जमला. बघणाऱ्याला सगळ्यात जास्त लक्षात राहतं ते हे तळहातावरचं लिहिणं, आणि ते आलं प्रत्यक्षातून.

आठवणीतला प्रसंग मिळाला म्हणून रोलंड तेवढ्यावर थांबला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. बधिरांध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या हेलन केलर नॅशनल सेंटरला त्याने सोबत घेतलं आणि भूमिकेसाठी बधिरांध अभिनेताच शोधला. तिथल्याच स्वयंपाकघरात काम करणारे रॉबर्ट टारँगो त्याला भेटले. ‘ॲक्शन’ ऐकू येत नाही आणि हातवारे दिसत नाहीत, तेव्हा सूचना दुभाष्यांमार्फत स्पर्शाने द्याव्या लागतात. त्याचा वेळ आणि पैसा शूटिंगच्या हिशेबात आधीच धरावा लागतो. 2021 मध्ये या लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं.

हाच धडा मराठी लघुपटाला लावून बघू. समजा, कथेत एक अंध तरुणी दादर स्टेशनातून बाहेर पडते. अभिनेत्रीच्या डोळ्यांना पट्टी बांधून सराव करायचा, ही सगळ्यांना पटकन सुचणारी युक्ती. पण पट्टी बांधलेला माणूस घाबरतो, चाचपडतो, कारण तो आत्ताच अंधारात आलाय. वर्षानुवर्षं काठीने फिरणारी तरुणी अशी चाचपडत नाही. तिचा उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं, डाव्या पायाला उजवीकडे. पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते, आणि काठी खांद्यांच्या रुंदीपेक्षा जेमतेम थोडीच जास्त फिरते. पडद्यावर काठी पंख्यासारखी इकडून तिकडे फिरत असेल, तर सल्ला घेतलेला नाही असं खुशाल समजावं.

सल्ला कधी घेतला याला फार महत्त्व आहे. एडिटिंग झाल्यावर फिल्म दाखवून ‘काही खटकतंय का?’ विचारलं, तर फार तर एखादा संवाद बदलता येतो. कच्च्या स्क्रिप्टवर विचारलं तर कथाच बदलते. ती तरुणी कोणाची वाट बघत उभी राहण्याऐवजी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालते, फोनमधलं स्क्रीन रीडर ऐकणाऱ्याला झेपणार नाही अशा वेगाने ऐकते. सल्ला देणाऱ्या व्यक्तीला मानधन द्यावं, कारण तीही कामच करतेय. आणि एकीला विचारून भागत नाही. जन्मापासून अंध असलेली आणि विसाव्या वर्षी दृष्टी गेलेली, यांचे अनुभव वेगळे. थोडंफार दिसणाऱ्यांचा अनुभव आणखी वेगळा.

जुलै 2024 मध्ये ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही दृश्यमाध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. वैद्यकीय माहिती पडताळा, अपंगत्वाची चेष्टा करू नका, आणि चित्रण करताना अपंग व्यक्तींना सहभागी करून घ्या, असं त्यात आहे. न्यायालयाने विनोदावर बंदी मात्र घातलेली नाही. अपंगत्व समजावून देणारा विनोद आणि अपंग माणसाला कमी लेखणारा विनोद यांतला फरक त्याने स्पष्ट केला.

लघुपटाला वेळ कमी असतो, म्हणून पात्राला अपंगत्वापलीकडे काहीतरी हवं असतं हे पहिल्या दोन मिनिटांत कळायला हवं. चित्रपट तयार झाला की त्यात श्राव्य वर्णन आणि उपशीर्षकं घालावीत. ज्या तरुणीने स्क्रिप्टवर काठीची चाल दुरुस्त करून दिली, तिलाही तो चित्रपट थिएटरात बसून कळला पाहिजे.