तांबीचा दोरा हाताला लागत नाही? मग तांबी गेली कुठे?

समजा, कणकवलीतल्या एका महिलेने बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेतली. तीन महिन्यांनी दोरा बोटाला लागत नाही. अशा वेळी बहुतेकदा तांबी जागेवरच असते, दोरा तेवढा वर सरकून गर्भाशयाच्या तोंडात गुंडाळलेला असतो. पण बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी आपोआप पडण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते, आणि पाळीच्या रक्तात ती पडलेली कळतही नाही. म्हणून खात्री होईपर्यंत कंडोम वापरायचा.

डॉक्टर आधी गर्भ राहिलेला नाही ना, हे लघवीच्या चाचणीने पाहतात. मग आतून तपासून दोरा शोधतात. तो दिसला नाही तर सोनोग्राफी. तीत तांबी गर्भाशयात नीट दिसली, तर ती तशीच ठेवता येते.

गर्भाशय रिकामं दिसलं, तर ‘पडली असेल’ म्हणून घरी परतू नये. पोटाचा आणि ओटीपोटाचा एक्स-रे लागतो, कारण तांबी त्यात स्पष्ट उमटते. एक्स-रेतही नसेल, तर ती पडली. दिसली, तर ती गर्भाशयाला छेद देऊन पोटात गेली आहे. असं क्वचितच होतं, पण मग ती सहसा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढावी लागते.

पोटात जोरात दुखत असेल, ताप असेल किंवा चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तांबी असताना राहिलेला गर्भ नळीतही असू शकतो.