पाकिटावरचा पत्ता

आमच्या सोसायटीची तक्रारवही वॉचमनच्या टेबलावर असायची. पेन दोरीने बांधलेलं, म्हणजे दोरी असायची आणि पेन नसायचं. मी प्रोग्रामिंग करतो हे कमिटीला कळलं, तेव्हा मी वेबसाइटवर एक फॉर्म करून दिला. महिन्याभरात तो तिघांनी भरला. बाकीचे सगळे पूर्वीसारखेच सेक्रेटरीकाकांना मेल करत राहिले, कारण मेल करणं त्यांच्या सवयीचं होतं. तेव्हा ठरवलं, लोक वेबसाइटवर येत नाहीत तर त्यांचे मेलच तिथे येऊ देत.

यासाठी स्वतःचा मेल सर्व्हर चालवण्याची गरज नसते. सेंडग्रिड, मेलगन, पोस्टमार्क यांसारख्या कंपन्या 'इनबाउंड पार्स' नावाची सोय देतात. आलेला मेल त्या स्वतःकडे उतरवून घेतात, उघडतात, त्यातला विषय, मजकूर, फोटो वेगवेगळे करतात आणि आपल्या वेबसाइटच्या एका ठरावीक पत्त्यावर पाठवून देतात. आपल्या प्रोग्रामला तो मेल कुणीतरी फॉर्म भरून 'सबमिट' दाबल्यासारखा दिसतो. मी सेंडग्रिड घेतलं, म्हणून पुढचे तपशील त्याचे आहेत.

पहिली पायरी डोमेनच्या नोंदींत एक ओळ घालण्याची. या नावाचा मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा, हे ती जगाला सांगते:

```
takrar.example.com.   MX   10   mx.sendgrid.net.
```

सुरुवातीचा `takrar` महत्त्वाचा आहे. हीच ओळ मुख्य डोमेनवर घातली, तर सेक्रेटरी, खजिनदार, सगळ्यांचेच मेल प्रोग्रामकडे वळतील. पाठवणाऱ्याला काही कळणार नाही, कारण मेल परत येत नाही. खजिनदारांना मात्र वाटेल की आज फारच शांतता आहे. म्हणून उपडोमेन वेगळं काढायचं आणि त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही.

या उपडोमेनवर `@` च्या आधी काहीही लिहिलं तरी मेल पोचतो. एकेक मेलबॉक्स उघडत बसावं लागत नाही. त्यामुळे प्रत्येक तक्रारीला स्वतःचा पत्ता देता येतो. ४१७ नंबरच्या तक्रारीची पोच आम्ही `t417-k9x2mq@takrar.example.com` या पत्त्यावरून पाठवतो. त्या पोचेला कुणी उत्तर दिलं, की ते आपोआप ४१७ खाली जाऊन बसतं.

निदान बसायला हवं होतं. पहिल्याच आठवड्यात ४०२ मधल्या काकूंनी विचारलं, "अरे, मी काल उत्तर पाठवलं, फोटोही जोडला, वहीत का नाही दिसत?" लॉगमध्ये पाहिलं तर मेल आलेला होता. पुढे लिहिलं होतं, तक्रार क्रमांक सापडला नाही. प्रोग्रामच्या हातात आलेली माहिती थोडक्यात अशी होती:

```
from:        B-402 <b402@example.org>
to:          secretary@example.com
subject:     पाणी
attachments: 1
envelope:    {"to":["t417-k9x2mq@takrar.example.com"],
              "from":"b402@example.org"}
```

काकूंनी मेल सेक्रेटरींना लिहिला होता आणि तक्रारीचा पत्ता 'बीसीसी'त टाकला होता. मी क्रमांक `to` मध्ये शोधत होतो आणि बीसीसीतला पत्ता तिथे येतच नाही. तो होता खालच्या `envelope` मध्ये.

जुन्या पत्रव्यवहारात हा फरक सगळ्यांना माहीत होता. पत्राच्या आत मायना असतो, 'ती. बाबांस सा. न.' पोस्टमन तो वाचत नाही, तो पाकिटावरचा पत्ता वाचतो. मेलचंही तसंच आहे. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा पाठवणारा आधी सांगतो, हे अमुककडून (`MAIL FROM`), मग सांगतो, हे तमुकला द्या (`RCPT TO`), आणि त्यानंतर आतलं पत्र सोपवतो. आपल्याला मेलमध्ये दिसतो तो 'To' म्हणजे मायना, पाकीट वाटेतच फाडून टाकलेलं असतं. पार्स सेवा ते जपून ठेवते आणि `envelope` या नावाने आपल्या हातात देते. मेल कोणत्या तक्रारीचा हे तिथूनच ठरवायचं. त्यात `to` ची यादी असते, कारण एकच मेल आपल्या दोन पत्त्यांवरही आलेला असू शकतो. पहिला पत्ता घेऊन थांबलं की दुसरी तक्रार तशीच राहते.

विषयातल्या 'पाणी' या शब्दाचीही गोष्ट आहे. मेलचे नियम घडले तेव्हा शीर्षकांत फक्त इंग्रजी अक्षरं चालत. म्हणून देवनागरी विषय अजूनही बहुतेक वेळा असा वेष घेऊन प्रवास करतो:

```
Subject: =?UTF-8?B?4KSq4KS+4KSj4KWA?=
```

पाणीतला प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी, प्रत्येकाची इथे चार-चार चिन्हं झाली आहेत. सेवा हे उलगडून 'पाणी' करून देते, ते काम आपलं राहत नाही. पण मजकूर कोणत्या लिपिसंकेतात आहे, हे ती `charsets` नावाच्या वेगळ्या खान्यात सांगते आणि तो खाना बहुतेक जण वाचत नाहीत. सगळंच यूटीएफ-८ असेल असं धरलं की शंभर मेल नीट जातात. मग एखाद्या जुन्या ऑफिसच्या संगणकावरून आलेल्या मेलवर प्रोग्राम अडखळतो.

उत्तरांचं दुखणं निराळं. कुणी 'हो, चालेल' एवढंच लिहितं आणि त्याखाली आधीचा सगळा संवाद चिकटून येतो. तो कापायला लोक 'On … wrote:' अशी इंग्रजी ओळ शोधतात. ज्याने मेलचा पडदा मराठीत ठेवला आहे, त्याच्याकडून ती ओळ मराठीत येते आणि कात्री चालत नाही. आम्ही पोचेच्या डोक्यावरच 'या ओळीच्या वर उत्तर लिहा' असं छापतो आणि तिथे कापतो. अडाणी युक्ती आहे, पण चुकत नाही.

सर्वांत जास्त शिकवलं ते लिफ्टखालच्या पाण्याने. एका पावसाळी सकाळी एकाच रहिवाशाची 'लिफ्टच्या खड्ड्यात पाणी' ही तक्रार वहीत तीन वेळा दिसली, क्रमांक तीन, फोटो तेच. त्यांनी शपथेवर सांगितलं की मेल एकदाच केला. ते खरंच बोलत होते. चूक माझी होती. मेल आला की माझा प्रोग्राम आधी फोटो लहान करायचा, कमिटीच्या पाच जणांना कळवायचा, आणि हे सगळं आटोपल्यावर 'मिळालं' असं उत्तर द्यायचा. हे उत्तर म्हणजे २०० हा आकडा. फोटो मोठे होते, उत्तराला उशीर झाला, सेवेला वाटलं मेल पोचलाच नाही, तिने तो पुन्हा पाठवला. सेवेने जे करायला हवं तेच केलं होतं.

वेबसाइट बंद असेल किंवा तिने ५०० च्या घरातली चूक कळवली, तर सेंडग्रिड मेल टाकून देत नाही. तीन दिवसांपर्यंत तो पुन्हा पुन्हा देऊन पाहतं. रात्री सर्व्हर पडला तरी तक्रारी हरवत नाहीत, ही या पद्धतीची मोठी सोय. पण तिची किंमत अशी की तोच मेल दोनदा येणार, हे धरूनच चालावं लागतं. आता माझा प्रोग्राम मेल जसाच्या तसा साठवतो, लगेच २०० म्हणतो आणि फोटोबिटो नंतर बघतो. शिवाय प्रत्येक मेलच्या माथ्यावर `Message-ID` असतो. सेंडग्रिडमध्ये त्याला वेगळा खाना नाही, `headers` या लांबलचक मजकुरातून तो वेचून काढावा लागतो. तोच आयडी त्याच पत्त्यावर आधी आलेला असेल, तर नवी नोंद होत नाही. विषय सारखा म्हणून मेल टाळायचा नाही, हे मात्र पक्कं. पाणी दिवसातून दोनदा जाऊ शकतं.

यातच एक उलटा सापळाही आहे. अडखळवणारा मेल आला आणि प्रोग्रामने ५०० म्हटलं, की तोच मेल पुन्हा येतो, पुन्हा अडखळवतो, आणि लॉग एकाच चुकीने भरत जातो. नकोशा मेलला म्हणूनच २०० म्हणून बाजूला ठेवावं. मेलगनमध्ये यासाठी खास ४०६ हा आकडा आहे, त्याचा अर्थ 'नको, पुन्हा आणू नका'.

राहिला प्रश्न पाठवणाऱ्याचा. `from` मध्ये सेक्रेटरींचं नाव आहे म्हणजे मेल सेक्रेटरींचाच, असं नाही. तोही मायन्याचाच भाग, कुणीही काहीही लिहू शकतं. सेवा `SPF` आणि `dkim` या दोन खान्यांत तपासणीचा निकाल देते. पहिला सांगतो, पाकिटावरच्या डोमेनने या सर्व्हरला मेल पाठवायची मुभा दिली आहे का. दुसरा सांगतो, मेलवरची डिजिटल सही जुळते का. दोन्ही उपयोगी, पण सही कोणत्या डोमेनची आहे तेही पाहावं लागतं. सही खरी असते आणि ती भलत्याच डोमेनची असते, असंही घडतं. आणि आपल्या वेबसाइटचा तो पत्ता ज्याला कळला, तो सेवेला वगळून थेट खोटा फॉर्मच पाठवू शकतो. म्हणून त्या पत्त्यात ओळखता न येणारा लांब शब्द घातलेला आहे.

तक्रारीच्या पत्त्यातलं `k9x2mq` हे शेपूट त्याचसाठी. ते ज्याला पोच मिळाली त्यालाच माहीत असतं, नुसता ४१७ ओळखून काम होत नाही. ते लहान अक्षरांतच ठेवलंय, कारण वाटेतले काही सर्व्हर मोठी अक्षरं लहान करून टाकतात आणि मग जुळणी बिघडते. या शेपटाच्या भरवशावर मी आणखी एक सोय दिली होती. सेक्रेटरींनी उत्तरात 'बंद' लिहिलं की तक्रार बंद. दोन आठवडे छान चाललं. मग सेक्रेटरींनी एक पोच सगळ्या सोसायटीला फॉरवर्ड केली, पत्त्यासकट. संध्याकाळपर्यंत पार्किंगची ती तक्रार दोनदा बंद झाली होती, त्यातली एकदा ज्याच्याविरुद्ध होती त्याच्याकडून.

ती सोय मी काढून टाकली. आता तक्रार बंद करायची तर सेक्रेटरींना लॉगिन करावं लागतं. त्याबद्दल त्यांनी मेलने पाठवलेली तक्रार वहीत ४२३ क्रमांकावर आहे.