शय्याव्रणाची पहिली खूण: डाग दाबून पाहा, वहीत नोंदवा

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर लालसर डाग दिसल्यास तो बोटाने काही क्षण दाबून पाहावा. बोट उचलल्यावर तो फिकट पडला नाही, तर ती शय्याव्रणाची पहिली अवस्था असते. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असे नाही. तेथे ती जागा भोवतालच्या त्वचेपेक्षा गरम, थंड, कडक किंवा मऊ लागते का, हे तपासावे.

काळजी घेणाऱ्याने नोंद अशी ठेवावी: ‘तारीख, सकाळी ८ वाजता; डावी टाच; २ बाय ३ सेंटिमीटर; दाबल्यावर फिकट नाही; त्वचा अखंड; पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली.’ कूस बदलल्याची वेळही लिहावी. डाग चोळू नये. फोड आल्यास किंवा त्वचा सोलवटल्यास ती दुसरी अवस्था होय. त्याच दिवशी डॉक्टरांना वही दाखवावी.