मूट कोर्टातलं अपील : युक्तिवाद साखळीच्या तुटक्या कडीपासून

समजा, मूटच्या प्रश्नात खुनाची शिक्षा परिस्थितिजन्य पुराव्यावर झाली आहे. मृत व्यक्ती रात्री ९ वाजता आरोपीसोबत दिसली, मृतदेह दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, आणि आरोपीने आपण तिच्यासोबत नव्हतोच असं खोटं सांगितलं. अपिलाचा मसुदा लिहिणारे बरेच विद्यार्थी इथे ‘पुरावा अपुरा आहे’ असं शीर्षक देतात. त्यातून न्यायाधीशाला काहीच कळत नाही.

शीर्षकातच कारण हवं : ‘शेवटचं एकत्र दिसणं आणि मृतदेह सापडणं यांत पंधरा तासांचं अंतर असल्याने तिसऱ्या व्यक्तीची शक्यता उरते, म्हणून शिक्षा टिकत नाही.’

त्याखाली नियम येतो. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या पुण्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीची सुटका केली. पाचही उतरवू नयेत. आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारा वाजवी निष्कर्ष उरता कामा नये, ही कसोटी इथे पुरेशी आहे.

मग ती तथ्यांना लावायची. प्रत्येक विधानापुढे साक्षीदार आणि अभिलेखाचं पान हवं. ते देता आलं नाही, तर ते विधान म्हणजे अंदाज समजावा.

शेवटी सरकार पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा, म्हणजे आरोपीचं खोटं बोलणं. त्याचं उत्तरही सारडामध्येच आहे : खोटा बचाव पूर्ण साखळीला बळ देतो, तुटलेली कडी जोडत नाही.