बुफेतलं अन्न नेमकं कुठे वाया जातं? चला, मोजून पाहूया



स्नेहसंमेलनाला आमच्या शाळेत पालकांसाठी बुफे होता. १२० माणसं धरली होती, जेवली १०४. "फार वाया गेलं" असं सगळेच म्हणाले. पण किती आणि कुठे? मसालेभातापुरतं उत्तर आमच्याकडे होतं, कारण पाचवीच्या मुलांनी त्याचं वजन करून ठेवलं होतं.

मुलांनी तीन नोंदी घेतल्या :

१. तयार झालेला भात : २४ किलो (८ किलो तांदळाचा)
२. पातेल्यात उरलेला : ७ किलो
३. ताटांतून परत आलेला : ३ किलो

रिकामं पातेलं आणि बादली आधीच तोलून ठेवली होती. ताटातला भात प्रत्येकाने स्वतःच वेगळ्या बादलीत टाकायचा, असं सांगायला दोन मुलं उभी होती. नाहीतर ताक, द्रोण, कागद यांचंही वजन भातातच धरलं जातं.

आता गंमत बघा. एकूण वाया १० किलो, पण त्याची कारणं दोन आहेत. पातेल्यातले ७ किलो ही आपल्या अंदाजाची चूक. ताटातले ३ किलो मात्र वाढपातली चूक. आमचा डाव मोठा होता, एका डावात साधारण १५० ग्रॅम भात यायचा. कमी हवा असला तरी तेवढा ताटात पडायचाच.

पुढचा अंदाज कसा काढायचा? २४ ला १०४ ने भागू नका. लोकांनी घेतलेला भात २४ − ७ = १७ किलो. १७ भागिले १०४ म्हणजे माणशी साधारण १६३ ग्रॅम.

पुढच्या पालक मेळाव्याला ११० माणसं अपेक्षित होती. ११० × १६३ म्हणजे सुमारे १८ किलो भात, म्हणजेच ६ किलो तांदूळ. आचारीदादांना आम्ही ५ किलोच आधी शिजवायला सांगितले. उरलेला तांदूळ आणि आधणाचं पाणी तयार ठेवलं. डावही छोटा घेतला, आणि "लागला तर पुन्हा घ्या" असं सांगत राहिलो.

त्या दिवशी ११२ जण जेवले. पातेलं निम्म्याखाली गेलं आणि रांग अजून होती, म्हणून आणखी १ किलो तांदूळ टाकला. एकूण १८ किलो भात झाला. पातेल्यात दीड किलो उरला, ताटांतून १ किलो परत आला. माणशी घेतलेला भात १४७ ग्रॅमवर आला. आता पुढचा हिशोब याच आकड्यावर.

एक सावधगिरी. पदार्थ मध्येच संपला, तर हा हिशोब फसवा ठरतो. पातेल्यात शून्य उरलं म्हणजे अंदाज बरोबर आला असं नाही. शेवटच्यांना मिळालंच नसेल! म्हणून संपल्याची वेळ आणि तेव्हा रांगेत किती जण होते, तेही वहीत लिहा. शिवाय लग्नातला आकडा शाळेला लावू नका. चार पक्वान्नं असली की भात कमीच जातो.

वजाबाकी आणि भागाकाराचं खरंखुरं उदाहरण मुलांना यातून मिळतं. घरच्या कार्यातही एखादाच पदार्थ निवडून हे करून बघा.