एकच लकवा, तीन पातळ्या

साठीतल्या एका माणसाचा डावा हात-पाय अचानक लुळा पडतो. त्याच वेळी उजव्या डोळ्याची पापणी मिटते. ती बोटाने उचलून पाहिली तर बुबुळ बाहेर आणि खाली वळलेलं दिसतं, बाहुली मोठी झालेली असते. अंगाची एक बाजू आणि डोळा दुसऱ्या बाजूचा, असं दिसलं की डॉक्टरांचं लक्ष ब्रेनस्टेमकडे जातं. हालचालीच्या आज्ञा नेणारा कॉर्टिकोस्पायनल मार्ग इथून खाली उतरतो आणि त्याचे बहुतेक तंतू मेड्युलाच्या तळाशी बाजू बदलतात. डोळा वळवणाऱ्या तिसऱ्या आणि सहाव्या नसा, जिभेची बारावी नस, या मात्र आपापल्याच बाजूने बाहेर पडतात. त्यामुळे दोष उजवीकडे आहे हे कळलं. आता तो किती उंचीवर आहे, हे ठरवायचं.

त्यासाठी ब्रेनस्टेमचे आडवे छेद डोळ्यांसमोर आणावे लागतात. मिडब्रेनमध्ये हा मार्ग पुढच्या बाजूच्या दोन जाड खांबांमधून, म्हणजे क्रस सेरेब्रीतून जातो. खांबामागे सबस्टँशिया नायग्राचा पट्टा असतो. ताज्या छेदात तो काळा दिसतो, पण तंतूंचं मायलिन काळं करणारा रंग दिला की तोच फिकट पडतो. इथे नवखे विद्यार्थी हमखास चकतात. त्यामागे गोल रेड न्यूक्लियस असतो. तिसऱ्या नसेचे तंतू त्यातून वाट काढत दोन खांबांच्या मधून बाहेर येतात. उजव्या खांबाजवळ रक्तपुरवठा तुटला की नस आणि मार्ग दोन्ही एकदम सापडतात. आपल्या रुग्णाचं नेमकं हेच झालं आहे. हर्मन वेबर यांनी 1863 मध्ये या जोडीचं वर्णन केलं आणि तिला त्यांचंच नाव मिळालं.

पॉन्समध्ये आडवे तंतू लहान मेंदूकडे जाताना याच मार्गाचे तुकडे पाडतात, म्हणून तो विखुरलेल्या जुड्यांसारखा दिसतो. मागे चौथं व्हेंट्रिकल रुंद उघडलेलं असतं. दोष इथे असता तर पापणी शाबूत राहिली असती, पण सहावी नस सापडून उजवा डोळा बाहेर वळला नसता. मेड्युलात जुड्या पुन्हा एक होऊन पिरॅमिड बनतात आणि शेजारी चुरगळलेल्या पिशवीसारखा ऑलिव्ह दिसतो. बारावी नस या दोघांमधून निघते. तिथे घाव बसला तर डावी बाजू लुळी पडून जीभ बाहेर काढताना उजवीकडे वळते.

स्कॅन वाचताना एक काळजी घ्यावी लागते. शरीररचनेच्या पुस्तकांतल्या छेदांत पुढची बाजू सहसा खाली असते, एमआरआयमध्ये ती वर असते आणि रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे येते. म्हणजे आपल्या रुग्णाचा डाग चित्रात डावीकडे, वरच्या खांबात शोधायचा. पहिल्या दिवशी इतका लहान डाग कधी कधी उमटतच नाही. अशा वेळी पापणी आणि हाताच्या तपासणीवरच निदान करून उपचार सुरू करावे लागतात.