गेम नेमका कुठल्या चिपवर चालतो?

लॅपटॉपवर एनव्हिडियाचं स्टिकर असतं, पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्क्रीन इंटेलला जोडलेली दिसते. मग जादा पैसे मोजून घेतलेली चिप वापरलीच जात नाही, अशी शंका येते. बहुतेक वेळा ती खोटी ठरते.

एनव्हिडियाने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ आणलं, तेव्हापासून बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनची जोडणी प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडे असते. मोठी चिप एरवी झोपलेली असते आणि त्यामुळे बॅटरी वाचते. गेम सुरू झाला की ड्रायव्हर तिला जागं करतो. प्रत्येक चित्र तीच काढते आणि ते मुख्य रॅममध्ये ठेवते. तिथून ते स्क्रीनवर पाठवण्याचं काम तेवढं छोट्या चिपचं. म्हणून स्क्रीनसमोर इंटेलचं नाव दिसलं, तरी त्यात बिघाड काही नाही.

खात्री करायची तर गेम चालू असताना Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडा. Processes मध्ये GPU engine हा रकाना नसेल, तर शीर्षकांच्या ओळीवर राइट क्लिक करून तो आणा. कुठला क्रमांक कुठल्या चिपचा, हे Performance मध्ये कळतं. समजा, एनव्हिडियाचा क्रमांक १ आहे. गेमच्या ओळीत GPU 1 - 3D दिसलं, की काम मोठ्या चिपवरच चाललंय. इंटेलचा आलेखही थोडा वर जातो, पण तो चित्रं पोचवण्याचा भार आहे. ओळीत GPU 0 - 3D असेल, तर मात्र गेम खरोखरच छोट्या चिपवर अडकलाय. Settings > System > Display > Graphics इथे गेम जोडा, High performance निवडा आणि गेम बंद करून पुन्हा सुरू करा. इथे बरेच जण चुकून लाँचरची फाइल जोडतात. जोडायची ती गेमची स्वतःची exe फाइल.

आता फरक किती पडेल? इंटेल यूएचडीच्या तुलनेत आरटीएक्स ३०५० वर जड गेमचे फ्रेम कित्येक पटींनी वाढतात. जुन्या एमएक्स मालिकेतल्या चिपा आणि आयरिस एक्सई यांच्यातलं अंतर मात्र तुटपुंजं असतं. त्यातही नावावर जाऊ नये, असं मला आवर्जून सांगावंसं वाटतं. लॅपटॉपमधली आरटीएक्स ३०५० कंपनीच्या मर्जीनुसार ३५ ते ८० वॉटपर्यंत कुठेही बसवलेली असते आणि ३५ वॉटची चिप बरीच मागे पडते. चार्जर काढला की वेग आणखी उतरतो. हलक्या गेममध्ये मोठी चिप बऱ्याचदा प्रोसेसरची वाट पाहत थांबते आणि ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रं पूर्ण दिसतही नाहीत.

रॅममार्गे जाण्याचा हा वळसा जड गेममध्ये फारसा जाणवत नाही, पण फ्रेम शेकड्यांत गेले की नडतो. काही लॅपटॉपमध्ये ‘मक्स स्विच’ असतो, तो स्क्रीन थेट मोठ्या चिपला जोडतो. तो नसेल, तर एचडीएमआय पोर्ट मोठ्या चिपला जोडलेला आहे का ते पाहा. असेल, तर बाहेरच्या मॉनिटरवर हा वळसा टळतो.